डोहाळेजेवणाचं ताट आणि सातव्या महिन्यातली साखर

सातव्या महिन्यात डोहाळेजेवण करायची आपल्याकडे रीत आहे. पहिल्या तिमाहीतली मळमळ मागे पडलेली असते, अन्न रुचायला लागलेलं असतं आणि बाळंतपणाला अजून अवकाश असतो. कौतुक करून घ्यायला याहून बरा काळ नाही. पण साखर पेलण्याची आईच्या शरीराची ताकद नेमकी याच सुमाराला कमी व्हायला लागते. गरोदरपणातल्या मधुमेहाची मुख्य तपासणी डॉक्टर २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान करायला सांगतात, ती याच कारणाने. आणि २८ आठवडे म्हणजे सातवा महिना.

हे घडतं वारेमुळे. बाळाचं पोषण करणारी वार जशी वाढते तशी ती काही संप्रेरकं आईच्या रक्तात सोडते आणि त्यांच्यामुळे आईच्या स्नायूंवर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. यामागे निसर्गाचा हेतू आहे: जेवणातली साखर आईच्या रक्तात थोडा जास्त वेळ राहावी आणि बाळाला मिळावी. स्वादुपिंड त्याची भरपाई करतं, नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त इन्शुलिन तयार करतं आणि बहुतेक बायकांमध्ये गाडी रुळावर राहते. ज्यांच्या घरात मधुमेह आहे, ज्यांचं वजन आधीपासून जास्त आहे, ज्यांना पीसीओएसचा त्रास होता किंवा ज्यांना वयाच्या तिशीनंतर दिवस गेले आहेत, त्यांचं स्वादुपिंड इथे कमी पडण्याची शक्यता जास्त असते.

सणांचं वेळापत्रकही इथेच येऊन भिडतं. डिसेंबरच्या मध्याची तारीख असलेल्या बाईला सातव्या महिन्यात गणपती येतात, पुढे नवरात्र आणि नवव्याच्या तोंडावर दिवाळी. मधेच डोहाळेजेवण, शिवाय माहेरचं, मावशीचं, शेजारणीचं ‘एकदा जेवायला ये’. तपासणी व्यवस्थित आलेल्या बाईचं एका दिवसाच्या पुरणपोळीने काहीही बिघडत नाही, आणि तिला तसं घाबरवू नये. प्रश्न उभा राहतो तो हे तीन महिने सलग गोडाधोडाचे जातात तेव्हा, किंवा तपासणीत साखर वाढलेली निघते तेव्हा.

आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्शुलिन मात्र जात नाही. त्यामुळे आईच्या रक्तात साखर चढली की ती पेलायला बाळाला स्वतःचं इन्शुलिन बनवावं लागतं. इन्शुलिन हे वाढीचंही संप्रेरक आहे. बाळाच्या अंगावर, विशेषतः पोटावर आणि खांद्यांवर, चरबी चढते, प्रसूती अवघड होते आणि नाळ कापल्यावर आईकडून येणारी साखर एकदम थांबल्याने बाळाची साखर खाली जाऊ शकते. अशा बाळांना जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन तपासत राहतात ते म्हणूनच.

‘बाळ मोठं म्हणजे सुदृढ’ हा आपला समज किती वरवरचा आहे, हे पुण्यातल्याच एका अभ्यासाने दाखवलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणात आणि नंतर त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास होतं, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी. पण स्नायू आणि अवयव लहान असले तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक दिसणारी, पण आतून चरबी राखून असलेली बाळं. याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष सणाच्या ताटाशी थेट जोडलेला आहे. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी ठळक संबंध दिसला नाही, संबंध दिसला तो पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात आलं याच्याशी. ‘दोन जिवांची आहेस, खा’ म्हणत ताटात तिसरी पुरणपोळी वाढणाऱ्या हातांमागची माया खरी आहे. बाळाला लागणारी गोष्ट मात्र त्याच ताटाच्या कडेला, अळूच्या फदफद्यात असते.

दोन जिवांचं म्हणजे किती, याचंही उत्तर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदर बाईला दिवसाला साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. वाटीभर दही, एखादं फळ आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे एवढ्यात ते भागतं. वर एकेक चमचा तूप सोडलेले दोन उकडीचे मोदक खाल्ले तर दिवसाचं जास्तीचं सगळं संपून वर शंभरेक कॅलरी होतात, आणि मोदक दोनच खाणारं माणूस आपल्यात विरळा.

आता ताटाकडे येऊ. समजा, २८ आठवड्यांची एक बाई आहे, तपासणीत साखर थोडी वाढलेली निघाली आहे आणि डॉक्टरांनी आधी पंधरा दिवस आहाराने आटोक्यात येते का पाहू असं सांगितलं आहे. रविवारी डोहाळेजेवण आहे. ताटात दोन पुरणपोळ्या, वाटीभर मसालेभात, बटाट्याची भाजी, एक जिलबी, कुरडई-पापड, भजी, काकडीची कोशिंबीर आणि मठ्ठा. साखरेच्या दृष्टीने मोजायचं ते पिठूळ आणि गोड पदार्थांतलं कर्बोदक. घरोघरचं प्रमाण वेगळं असतं, पण मध्यम आकाराच्या एका पुरणपोळीत डाळ, गूळ आणि कणीक मिळून सुमारे ५० ग्रॅम कर्बोदक असतं. दोन पोळ्यांचं १००. मसालेभाताचं ३५ ते ४०, बटाट्याचं १५ ते २०, जिलबीचं वीसेक, कुरडई-पापडाचं दहा. बेरीज १८० च्या पुढे जाते. अशा बाईला दुपारच्या जेवणात साधारण ४५ ते ६० ग्रॅम पेलतं. म्हणजे एका बैठकीत तिप्पट.

हे ताट बदलायचं तर पुरणपोळी काढून टाकायची गरज नाही, आणि काढूही नये, कारण ती काढली तर घरातलं कुणीच ऐकत नाही आणि संध्याकाळी ती बाई एकटीच स्वयंपाकघरात जाऊन दोन खाते. काढायचं ते पोळीच्या शेजारचं. पुरणपोळीच्या दिवशी भात, बटाटा, जिलबी आणि कुरडई हे चारही पदार्थ तेच काम दुसऱ्यांदा करत असतात. त्यांच्या जागी मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ, अळू किंवा पालकाची पातळ भाजी, दुप्पट कोशिंबीर आणि बिनसाखरेचा मठ्ठा ठेवला की एका पोळीसकट बेरीज ७५ वर येते. पुरणातला गूळ निम्मा केला तर ती साठीच्या घरात येते.

निम्म्या गुळाच्या पुरणाची एक खुबी आहे. नेहमी वाटीभर डाळीला वाटीभर गूळ पडतो आणि गुळाला पाणी सुटतं म्हणून पुरण बराच वेळ आटवावं लागतं, झारा उभा राहीपर्यंत. अर्धी वाटी गूळ घातला तर पुरण पटकन कोरडं पडतं आणि पोळी लाटताना कडेला फुटते. म्हणून आच मंद ठेवायची, जरा मऊ असतानाच उतरवायचं आणि कोरडं वाटलं तर चमचाभर दूध घालून मळायचं. जायफळ आणि वेलची नेहमीपेक्षा सढळ, आणि चिमूटभर मीठ. मिठाने गोडी उठून येते. हरभऱ्याची डाळ साखर हळूहळू सोडणाऱ्या धान्यांपैकी आहे, ती पुरणातली आपल्या बाजूची गोष्ट आहे. गूळ मात्र साखरच आहे. त्यात लोह असतं, पण एका पोळीतल्या गुळातून मिळणारं लोह इतकं थोडं असतं की त्यासाठी गूळ खाण्यात अर्थ नाही. रक्तात गेल्यावर गूळ आणि साखर यांच्यात ग्लुकोमीटरला काही फरक कळत नाही.

ताटात काय आहे याच्याइतकंच ते कुठल्या क्रमाने पोटात जातं याला महत्त्व आहे. आपण पहिला घास वरणभाताचा घेतो, म्हणजे रिकाम्या पोटात सगळ्यात आधी भात उतरतो आणि त्याची साखर लगेच रक्तात येते. क्रम बदलायचा. ताटाच्या डावीकडची कोशिंबीर आणि उजवीकडची उसळ-भाजी आधी खायची, तीही सावकाश, आठ-दहा मिनिटं लावून. मधली पोळी त्यानंतर. भाजीतला चोथा आणि उसळीतली प्रथिनं आधी पोहोचली की जठर आपलं काम धीम्या गतीने करतं, पोळीतली साखर टप्प्याटप्प्याने आतड्यात उतरते आणि तेवढ्याच इन्शुलिनमध्ये काम भागण्याची शक्यता वाढते. यात काही वेगळं शिजवावं लागत नाही, पाहुण्यांना कळतही नाही.

दुसरी तितकीच सोपी गोष्ट चालण्याची. डोहाळेजेवण झालं की फुलांची वाडी घालून बाईला पाटावर किंवा झोपाळ्यावर बसवतात, तासदीड तास ओटी भरणं आणि फोटो चालतात. ग्लुकोज चढण्याची वेळ नेमकी हीच. चालणारा स्नायू रक्तातली साखर इन्शुलिनची फारशी वाट न पाहता उचलतो, म्हणून पानावरून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटं अंगणात, गच्चीत, नाहीतर घरातल्या घरात फेऱ्या मारायच्या आणि मग ओटीला बसायचं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असेल, वार खाली असेल किंवा रक्तस्राव झालेला असेल तर हे करायचं नाही.

दिवाळीचा प्रश्न वेगळा आहे, आणि माझ्या मते तो डोहाळेजेवणापेक्षा अवघड आहे. तिथे अडचण पदार्थांपेक्षा वेळेची आहे. नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान होतं आणि उजाडायच्या आत सगळे फराळाला बसतात. पहाटे शरीरात कॉर्टिसॉल आणि इतर संप्रेरकं चढती असतात आणि ती इन्शुलिनला विरोध करतात. गरोदरपणात हा विरोध दिवसभरात सकाळी सर्वांत जास्त असतो. म्हणूनच साखर वाढलेल्या गरोदर बाईचा नाश्ता आहारतज्ज्ञ सगळ्यात हलका ठेवतात, कर्बोदक दुपारच्या जेवणाच्या जवळपास निम्मं. आणि आपण बरोबर त्याच वेळी, रात्रभराच्या रिकाम्या पोटी, दोन चकल्या, करंजी, बेसनाचा लाडू आणि वाटीभर चिवडा वाढून घेतो. एवढ्यात सुमारे ८० ग्रॅम कर्बोदक आणि सात-आठशे कॅलरी होतात. त्यावर साखरेचा चहा.

उपाय एवढाच की फराळ सकाळचा राहू द्यायचा नाही. पहाटे सगळ्यांबरोबर बसायचं, नरकासुराच्या नावाने कारीट फोडायचं, पण ताटलीत मुगाचं धिरडं, उकडलेलं अंडं किंवा पनीर, आणि फराळातली एखादी चकली एवढंच. तिथे खायचं चुकवलेला लाडू दुपारच्या जेवणानंतर खायचा, पोटात भाजी-उसळ असताना. तोच लाडू पहाटे आणि दुपारी सारखा वागत नाही. सासूबाईंना हे सांगणं ‘लाडू नको’ म्हणण्यापेक्षा सोपं जातं. ‘आई, दुपारी जेवल्यावर खाते’ म्हटलं की कुणी दुखावत नाही.

तळणाबद्दल एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. चकली गोड नाही म्हणून ती चालते असं काहींना वाटतं, तर काही जणी तळणाने साखर वाढते म्हणून घाबरतात. चकलीची भाजणी तांदूळ आणि डाळींची असते, त्यामुळे तिच्यात कर्बोदक आहेच, पण तेलामुळे ती साखर लगेच न चढता उशिरा आणि रेंगाळत चढते. तळणाचा खरा हिशेब वजनाचा आहे. एक ग्रॅम पिठात चार कॅलरी तर एक ग्रॅम तेलात नऊ, आणि मध्यम आकाराची एक चकली साधारण शंभर कॅलरीची असते. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये ठरवलेल्या मर्यादा जगभर वापरल्या जातात. त्यांनुसार आधीचं वजन उंचीच्या मानाने योग्य असलेल्या बाईचं गरोदरपणात एकूण साडेअकरा ते सोळा किलो, आणि आधीच वजन जास्त असलेल्या बाईचं सात ते साडेअकरा किलो वाढावं. मागच्या सहा महिन्यांत आठवड्याला चारशे ग्रॅमच्या आसपास, जास्त वजनाच्या बाईला त्याहून कमी. वसुबारसेपासून तुळशीच्या लग्नापर्यंत डबे भरलेले असतात. तेवढ्या दिवसांत रोज सहाशे कॅलरी जास्त गेल्या तर किलो-सव्वा किलो वजन निव्वळ फराळाचं वाढतं, आणि ते बाळाचं नसतं.

घरी तळताना तेल किती शोषलं जातं हे आपल्या हातात असतं. तेल पुरेसं तापलेलं नसेल, उकड सैल झाली असेल किंवा मोहन जास्त पडलं असेल तर चकली तेल पिते, आणि ते लपत नाही: कागदावर ठेवली की डाग पसरत जातो, दुसऱ्या दिवशी चकली मऊ पडते आणि डब्याच्या तळाशी तेल दिसतं. अशा घाण्यातल्या चकल्या गरोदर बाईच्या वाट्याला देऊ नयेत. शेवटच्या तिमाहीत जठराच्या तोंडची झडप सैल पडलेली असते, त्यामुळे तेलकट खाल्लं की रात्री छातीत जळजळ ठरलेली. पातळ पोह्यांचा चिवडा तळण्याऐवजी मोठ्या कढईत पोहे कोरडे भाजून, वरून दोन-तीन चमचे तेलाच्या फोडणीत कालवला तर तेल कितीतरी वाचतं. त्यात डाळं आणि शेंगदाणे सढळ आणि पिठीसाखर अजिबात नाही. करंजी भट्टीत भाजली किंवा एअर फ्रायरमध्ये केली तरी तेलच वाचतं. आतलं सारण आणि वरचा मैदा तसाच राहतो, त्यामुळे साखर वाढलेल्या बाईला त्याचा फारसा उपयोग नाही.

दुकानांत ‘शुगर फ्री’ म्हणून मिळणाऱ्या खजूर-अंजीर रोलबद्दल वेगळं सांगायला हवं. त्यात वरून साखर घातलेली नसते हे खरं, पण खजुराच्या वजनाचा दोन तृतीयांश भाग ही त्याची स्वतःची साखर असते. असे दोन तुकडे म्हणजे एक लाडूच. कृत्रिम गोडी घातलेल्या मिठाईत खवा आणि मैदा आहेत का हे पाहावं, आणि सॅकरीन वारेतून बाळाकडे जातं म्हणून ते टाळावं. श्रीखंडाचं मात्र घरी सोपं आहे. एरवी चक्क्याइतकीच साखर पडते, ती चौथ्या हिश्शावर आणायची, केशर-वेलची घालायची आणि बरोबर पुऱ्यांऐवजी एखादी पोळी घ्यायची. चक्क्यात प्रथिनं भरपूर असतात, त्यामुळे सणाच्या गोडांमध्ये मला हे गरोदर बाईसाठी सगळ्यात बरं वाटतं.

उपासाचा विषय इथे आणावा लागतो, कारण उपास आणि मेजवानी हे आपल्याकडे जोडीने येतात. संकष्टीला दिवसभर काही न खाता किंवा फक्त चहावर राहून रात्री चंद्रोदयानंतर, नऊ-साडेनऊला, मोदक आणि भात. गरोदर शरीर उपाशीपणाला लवकर बिचकतं. नेहमीपेक्षा कमी तासांत ते चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन तयार होतात. मग रात्री एकदम मोठं जेवण, आणि लगेच झोप. दिवसाचे दोन्ही टोकांचे त्रास एका तिथीत. मधल्या वेळेची साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यातले दाणे काय ते कामाचे. गरोदरपणात उपास सोडायची मुभा घरातली मोठी माणसं बहुधा देतातच. ज्यांना धरायचाच आहे त्यांनी दर तीन तासांनी दूध, ताक, दही, फळ आणि दाण्याच्या आमटीबरोबर थोडी भगर असं घ्यावं आणि मोदक दुसऱ्या दिवशी दुपारी खावेत. इन्शुलिन घेणाऱ्या बाईने उपास धरूच नये. इंजेक्शन घेतलं आणि जेवण नाही, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची खूण. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, आणि तिथे साखरच हवी, बिस्कीट किंवा लाडू नाही, कारण त्यातलं तूप-पीठ साखरेला उशीर करतं.

एखादा पदार्थ आपल्याला कितपत चालतो हे शेवटी आपलं रक्तच सांगतं, आणि घरी ग्लुकोमीटर असलेल्या बाईला ते सणाच्या दिवशीच तपासता येतं. वेळ मोजायची ती पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. तासाभराने १४० च्या आत आणि दोन तासांनी १२० च्या आत आकडा असावा, उपाशीपोटी ९५ च्या आत. तूप असलेल्या गोडांचं एक फसवं वागणं लक्षात ठेवायला हवं. बेसनाचा लाडू किंवा तुपात बुडवलेली पोळी खाल्ली की तासाचा आकडा शांत येतो आणि आपण निश्चिंत होतो. तूप जठराला रेंगाळवतं, आणि साखर दोन किंवा अडीच तासांनी चढते. अशा जेवणानंतर दोन तासांचा आकडा टाळू नये.

सणात हमखास होणारी दुसरी चूक बोटांची आहे. लाडू वळलेल्या किंवा गुळाचे मोदक हाताळलेल्या बोटावर साखरेचा अदृश्य थर राहतो आणि रक्ताच्या थेंबात मिसळून आकडा दोनशेच्या वर दाखवतो. नुसतं ओल्या रुमालाने पुसून चालत नाही. साबणाने हात धुवायचे, कोरडे करायचे, आणि मगच टोचायचं. ते शक्य नसेल तर पहिला थेंब पुसून टाकून दुसरा घ्यायचा.

आकडे लिहून ठेवले की चित्र दिसतं. एका सणाला दोन तासांनी १३५ आला आणि दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर आलं तर ते ताटाचं काम, पुढच्या वेळी भात सोडायचा. पण साध्या वरण-भाजी-पोळीवरही आकडे वरच राहत असतील, किंवा रात्री वेळेवर जेवूनही सकाळचा उपाशी आकडा ९५ च्या पुढे असेल, तर तो आहाराच्या आवाक्याबाहेरचा आहे. अशा वेळी घरात ‘परवा गोड खाल्लंस म्हणून’ असं बोललं जातं, आणि बाई आणखी कमी खायला लागते. ते चूक आहे. सकाळचा उपाशी आकडा रात्रभर यकृत किती साखर सोडतं यावर ठरतो, परवाच्या मोदकावर नाही, आणि त्याला डॉक्टर औषध किंवा इन्शुलिन देतात. इन्शुलिन वारेतून बाळाकडे जात नाही, म्हणून ते गरोदरपणात सुरक्षित आहे. तपासणीबद्दलही हाच गैरसमज असतो. आपल्याकडे ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्त घेतात आणि १४० किंवा जास्त आलं तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. आदल्या दिवशी डोहाळेजेवण झालं म्हणून ही तपासणी ‘चुकीची’ येत नाही. चांगली यावी म्हणून आधी तीन दिवस उपाशी राहण्यातही काही हशील नाही, उलट तसं केल्याने आकडा वर जाऊ शकतो.

वजनाचा काटा मात्र सणाच्या काळात वेगळ्या कारणासाठीही पाहावा लागतो. चकली, शेव, चिवडा, पापड यांत मीठ भरपूर असतं, त्याने थोडं पाणी धरलं जातं, दोन-चार दिवसांत ओसरतं. पण आठवड्यात किलोहून जास्त वजन वाढलं, चेहरा आणि हातांवर सूज आली, अंगठी निघेना, डोकं सतत दुखायला लागलं किंवा डोळ्यांपुढे काजवे चमकले, तर ते फराळाचं वजन समजून घरी बसू नये. ही रक्तदाब वाढल्याची लक्षणं असू शकतात आणि त्याच दिवशी, भाऊबीज असली तरी, दवाखान्यात जाऊन रक्तदाब आणि लघवी तपासून घ्यावी.

बाळंतपण झालं आणि वार बाहेर पडली की बहुतेक बायकांची साखर काही दिवसांत जागेवर येते. नेमक्या त्याच वेळी डिंकाचे आणि मेथीचे लाडू सुरू होतात, सकाळी एक, संध्याकाळी एक, सव्वा महिना. अंगावर पाजणाऱ्या आईला जास्त अन्न लागतं, त्यामुळे लहान लाडू रोज एक ठीक आहे, गूळ निम्मा आणि खोबरं-खारीक बेताचं ठेवून. ज्यांना गरोदरपणात मधुमेह होता त्यांनी प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी तीच ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी, या वेळी उपाशीपोटी, परत करायची असते. बारशाच्या गडबडीत ती हमखास राहून जाते, म्हणून बाळाच्या सहाव्या आठवड्याच्या लसीची जी तारीख असेल तीच आईच्या तपासणीची तारीख म्हणून फाइलवर लिहून ठेवावी. ती व्यवस्थित आली तरी पुढे दर वर्षी एकदा साखर पाहावी लागते, कारण या बायकांना पुढच्या काही वर्षांत कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो.